क्षेत्रकाम अडलं, प्रगती अहवालाला मुदतवाढ हवी: कार्यालयाकडे नेमकं काय मागायचं

प्रश्न: आमच्या सर्वेक्षणाचा दुसरा प्रगती अहवाल (1 मार्च ते 31 ऑगस्ट) निधी कार्यालयाला 30 सप्टेंबरपर्यंत द्यायचा आहे. नदीच्या दोन्ही काठांवर 12-12 अशी 24 गावं, प्रत्येक गावात 20 कुटुंबं. 6 ऑगस्टला पुरामुळे पूल बंद झाला, तोवर 17 गावं झाली होती. राहिलेली सातही पलीकडच्या काठावर आहेत. पूल 15 सप्टेंबरला उघडणार आहे. आमच्याकडे सर्वेक्षकांच्या दोन जोड्या आहेत, एक जोडी दिवसाला सहा मुलाखती करते. आज 4 सप्टेंबर, कार्यालयाला अजून काही कळवलेलं नाही. मुदतवाढ किती मागावी आणि कशी?

उत्तर: पत्राचा मजकूर खाली देतो, पण त्याआधी एक घोळ सोडवायला हवा. तो राहिला तर मुदतवाढ मिळूनही तुमचं काम होणार नाही.

अहवालाशी तीन वेगवेगळ्या तारखा बांधलेल्या असतात. पहिली, अहवाल सादर करण्याची तारीख. तुमच्या बाबतीत 30 सप्टेंबर. दुसरी, अहवालाच्या कालावधीची शेवटची तारीख, म्हणजे 31 ऑगस्ट. तिसरी, प्रकल्प संपण्याची तारीख. बोलताना आपण तिन्हींना "मुदत" म्हणतो, पण करारात त्यांची कलमं वेगळी असतात आणि बहुतेक ठिकाणी मंजुरी देणारी माणसंही वेगळी असतात. सादर करण्याची तारीख महिनाभर पुढे ढकलणं प्रकल्प अधिकाऱ्याच्या हातात असू शकतं. प्रकल्पाचा शेवट पुढे न्यायचा तर बहुतेक वेळा करारात दुरुस्ती लागते, दोन्ही बाजूंच्या सह्या लागतात, त्यात आठवडे जातात. पत्रात नुसतं "प्रकल्पाला मुदतवाढ मिळावी" असं लिहिलंत, तर ते पत्र या दुसऱ्या, लांबच्या रांगेत जाऊन बसतं. तिकडे 30 सप्टेंबर उलटते आणि अहवाल थकीत दिसू लागतो.

तुमच्या प्रकरणातली खरी मेख दुसऱ्या तारखेत आहे. उरलेलं क्षेत्रकाम 15 सप्टेंबरनंतर होणार, आणि अहवालाचा कालावधी 31 ऑगस्टलाच संपतो. कार्यालयाने फक्त सादर करण्याची तारीख 31 ऑक्टोबर केली, तरी कालावधी तोच राहतो. मग सप्टेंबरमध्ये केलेल्या 140 मुलाखती नियमाने पुढच्या अहवालात जातात. म्हणजे महिनाभर थांबूनही तुम्हाला 17 गावांचाच अहवाल द्यावा लागेल, नाहीतर 24 गावांचा अहवाल देऊन "कालावधीबाहेरची माहिती घातली आहे" असा शेरा घेऊन तो परत येईल. म्हणून तुम्हाला एकाच पत्रात दोन गोष्टी मागायच्या आहेत: सादर करण्याची नवी तारीख, आणि कालावधी संपल्यानंतरचं क्षेत्रकाम याच अहवालात घेण्याची मान्यता. दुसरी गोष्ट स्पष्ट शब्दांत मागितल्याशिवाय मिळत नाही, कारण वाचणाऱ्याच्या डोक्यात ती आपोआप येत नाही.

खर्चाचं विवरण हीही वेगळी बाब आहे. अनेक करारांत ते प्रगती अहवालासोबत जातं, पण तपासतो लेखा विभाग, आणि अहवालाची मुदत वाढली म्हणून विवरणाची वाढली असं तो विभाग धरत नाही. तुमचं खर्चाचं विवरण 31 ऑगस्टपर्यंतचं आहे, पुराने त्यात काही अडलेलं नाही. ते 30 सप्टेंबरलाच द्या आणि तसं पत्रात लिहा. एक कागद वेळेवर येतोय हे दिसलं की दुसऱ्याबद्दलची विनंती वाचताना अधिकाऱ्याला निर्णय घेणं सोपं जातं.

आधी ठरवा, मुदतवाढ खरंच लागते का

प्रगती अहवाल अपूर्ण कामाचाही देता येतो. त्याचं कामच मुळी काय झालं, काय राहिलं आणि का, हे सांगण्याचं आहे. म्हणून अनुभवी अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारतो, की आत्ता आहे तेवढ्याचा अहवाल द्यायला अडचण काय? "काम अपुरं आहे" हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. नव्या तारखेच्या अहवालात असं काय असेल जे जुन्या तारखेच्या अहवालात असूच शकत नाही, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल, तर वेळेवर अहवाल द्या, राहिलेलं पुढच्या कालावधीत दाखवा, मुदतवाढ मागूच नका.

तुमच्याकडे उत्तर आहे, आणि ते आकड्यात नसून जागेत आहे. 480 पैकी 340 कुटुंबं झाली, म्हणजे सुमारे 71 टक्के. नुसतं एवढं सांगितलं तर अधिकारी म्हणेल, पुरे आहे, द्या अहवाल. राहिलेली सात गावं दोन्ही काठांवर विखुरलेली असती, तर त्याचं म्हणणं बरोबरही ठरलं असतं. पण तुमच्याकडे अलीकडची 12 च्या 12 गावं पूर्ण आहेत आणि पलीकडची फक्त 5. त्या पाच गावांचं स्थानही नकाशावर बघून घ्या. क्षेत्रकामात जोड्या बहुधा पुलाजवळच्या गावांपासून सुरुवात करतात, कारण जाणं-येणं सोपं पडतं. झालेली पाच गावं पुलाजवळची असतील, तर ती रस्त्याला, बाजाराला, दवाखान्याला जवळची आहेत; लांबची सात अजून तुम्ही पाहिलेलीच नाहीत. अशा पाच गावांवरून "पलीकडचा काठ" म्हणून काढलेली सरासरी दिशाभूल करेल, आणि दोन काठांची तुलना हे करारातलं उद्दिष्ट असेल तर अहवालाचा गाभाच चुकीचा ठरेल. मुदतवाढीचं खरं कारण हे आहे. पूर ही घटना झाली. त्या घटनेमुळे अहवालातला कोणता निष्कर्ष काढता येत नाही, हे कारण. बहुतेक पत्रं घटनेपाशीच थांबतात, म्हणून कमकुवत ठरतात.

करार काढून अहवालाचं कलम वाचा. त्यात या टप्प्यावर तुलनेची अपेक्षा नसेल, फक्त "क्षेत्रकामाची प्रगती" एवढंच लिहिलेलं असेल, तर माझा सल्ला उलटा असेल: 30 सप्टेंबरलाच 17 गावांचा अहवाल द्या. पुढचं सगळं मी करारात तुलना आहे असं धरून लिहितो.

किती दिवस मागायचे

"एक महिना द्यावा" असं गोल मागितलं, की पुढचा प्रश्न "महिनाच का?" असा येतो. काम सुरू होण्याच्या दिवसापासून एकेक टप्पा मोजत तारीख काढा आणि ते मोजमाप पत्रात दाखवा.

सात गावं, 140 कुटुंबं, दोन जोड्या मिळून दिवसाला 12 मुलाखती. भागाकार केला तर 12 दिवस येतात, पण हा भागाकार फसवा आहे. एका गावात 20 कुटुंबं. पहिल्या दिवशी 12 होतात, दुसऱ्या दिवशी 8 राहतात, आणि उरलेल्या वेळात पुढच्या गावी जाऊन चार मुलाखती होतील हे कागदावरच खरं. प्रत्यक्षात तो वेळ बंद असलेल्या घरांना पुन्हा भेटी देण्यात आणि आदल्या दिवशीच्या काही मुलाखतींची फेरतपासणी करण्यात जातो, आणि तो तसाच जायला हवा. म्हणून गावाला दोन दिवस धरा: सात गावांना 14 दिवस. आठवड्याला सहा कामाचे दिवस धरले तर 15 सप्टेंबरच्या सोमवारी सुरू केलेलं काम 30 सप्टेंबरला संपतं.

त्यानंतर डेटा स्वच्छ करायला 5 दिवस, तक्ते आणि तुलनेला 4, लेखनाला 4, सहसंशोधकांच्या वाचनाला 3, आणि संस्थेच्या सहीला 3. ही सहीची पायरी लोक हमखास विसरतात. अहवाल तयार असतो, पण अधिकृत स्वाक्षरी करणारी व्यक्ती दौऱ्यावर असते, आणि मुदत त्या तीन दिवसांत चुकते. एकूण 33 कामाचे दिवस झाले. क्षेत्रकामाच्या 14 दिवसांवर साधारण एक पंचमांश, म्हणजे 3 दिवस राखीव धरा: 36 दिवस, बरोबर सहा आठवडे. शेवट येतो 25 ऑक्टोबरला. मागायची तारीख 31 ऑक्टोबर. वरचे पाच-सहा दिवस मुख्यतः एकाच गोष्टीसाठी आहेत: पूल 15 ऐवजी 18 किंवा 19 तारखेला उघडला तरी वेळापत्रक मोडू नये.

यापेक्षा कमी मागून चांगलं दिसण्याचा मोह आवरा. दोन आठवडे मागितले आणि पुन्हा दोन आठवडे मागावे लागले, तर दुसऱ्या पत्राला पहिल्याइतकी किंमत राहत नाही. अधिकाऱ्याला त्याच्या वरिष्ठांसमोर दोनदा तेच प्रकरण घेऊन जावं लागतं, आणि दुसऱ्या वेळी तुमच्या नियोजनावरच प्रश्न येतो. उलट, "हाताशी असावेत" म्हणून तीन महिने मागितले, तर पुढच्या अहवालाची तारीख जवळ येऊन दोन अहवाल एकमेकांवर चढतात. तुमचा पुढचा कालावधी 1 सप्टेंबरलाच सुरू झाला आहे हे ध्यानात ठेवा.

आज काय करायचं

पूर 6 ऑगस्टला आला आणि आज 4 सप्टेंबर आहे. ही दिरंगाई पत्रातल्या कुठल्याही चुकीपेक्षा जास्त महागात पडू शकते. अनेक निधी देणाऱ्यांच्या नियमांत अडथळा कळताच सांगण्याचं वेगळं बंधन असतं, अहवालाच्या तारखेशी त्याचा संबंध नसतो. अमेरिकेच्या संघराज्य अनुदानांच्या नियमावलीत, 2 सीएफआर 200.329 मध्ये, उद्दिष्ट गाठण्यावर परिणाम करणाऱ्या अडचणी आणि विलंब लक्षात येताच कळवा आणि सोबत काय उपाय करताय तेही सांगा, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. तुमचा करार कुठलाही असो, असं कलम आहे का ते बघा.

म्हणून आजच चार-पाच ओळींची सूचना पाठवा. त्यात मुदतवाढ मागू नका. कधी काम थांबलं, किती झालं, किती राहिलं, कधी सुरू होईल, आणि अहवालाच्या तारखेबाबत सविस्तर विनंती 9 तारखेपर्यंत पाठवतो, एवढंच लिहा. उशिराबद्दल एक वाक्य सरळ लिहा: "ही माहिती ऑगस्टमध्येच द्यायला हवी होती, ती आमच्याकडून राहिली." त्याच्यावर कारणांचा थर चढवू नका. मूळ विनंती 9 सप्टेंबरला गेली, तर 30 तारखेआधी तीन आठवडे मिळतात. अधिकारी रजेवर असला तरी तेवढ्यात दुसऱ्या कोणाकडून उत्तर येऊ शकतं.

विनंती कोणाच्या नावाने आणि कोणत्या वाटेने जाते, हेही आज विचारून घ्या. बऱ्याच संस्थांत प्रमुख संशोधकाने थेट पाठवलेला ईमेल निधी कार्यालय माहितीपुरता धरतं. अधिकृत विनंती संस्थेच्या अनुदान विभागाकडून किंवा पोर्टलवरूनच यावी लागते. पोर्टल असेल तर विनंती पोर्टलवर टाका आणि अधिकाऱ्याला ईमेलने तिचा क्रमांक कळवा. नुसता ईमेल पाठवला, तर अधिकारी मनापासून "हो" म्हणतो, पण पोर्टलमधली तारीख 30 सप्टेंबरच राहते आणि 1 ऑक्टोबरला यंत्रणा अहवाल आपोआप थकीत दाखवते. हा शिक्का किरकोळ समजू नका. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनमध्ये वार्षिक अहवाल थकला की त्या अनुदानातल्या प्रमुख संशोधकाचंच नव्हे, तर सहप्रमुख संशोधकांचंही नवं अनुदान आणि इतर मंजुऱ्या अडतात. तुमच्या सहकाऱ्याचा वेगळाच प्रकल्प तुमच्या एका तारखेमुळे थांबू शकतो.

पत्र

खालचा मजकूर एका पानात बसतो. बसलाच पाहिजे, हे पत्र पुढे ज्याच्याकडे जातं त्याला प्रकल्पाची काही माहिती नसते, आणि पहिल्या परिच्छेदात मागणी सापडली नाही तर ते बाजूला पडतं.

> विषय: प्रकल्प क्रमांक ______ : दुसरा प्रगती अहवाल 31 ऑक्टोबरपर्यंत सादर करण्याची परवानगी मिळण्याबाबत
>
> माननीय महोदय / महोदया,
>
> वरील प्रकल्पाचा दुसरा प्रगती अहवाल (कालावधी 1 मार्च ते 31 ऑगस्ट) 30 सप्टेंबर रोजी सादर करायचा आहे. कृपया (1) हा अहवाल 31 ऑक्टोबरपर्यंत सादर करण्यास परवानगी द्यावी, आणि (2) 15 ते 30 सप्टेंबर या काळात होणारे उर्वरित क्षेत्रकाम याच अहवालात समाविष्ट करण्यास मान्यता द्यावी, ही विनंती.
>
> 6 ऑगस्ट रोजी पुरामुळे नदीवरील पूल वाहतुकीस बंद झाला. तोपर्यंत 24 पैकी 17 गावांतील 340 कुटुंबांच्या मुलाखती पूर्ण झाल्या होत्या. उर्वरित 7 गावे (140 कुटुंबे) पलीकडच्या काठावर आहेत. पूल 15 सप्टेंबर रोजी खुला होत असल्याची सूचना सोबत जोडली आहे.
>
> करारातील कलम ____ नुसार या अहवालात दोन्ही काठांची तुलना अपेक्षित आहे. अलीकडील काठावरील सर्व 12 गावे पूर्ण झाली आहेत. पलीकडील 12 पैकी 5 झाली असून ती पुलाजवळची आहेत. या 5 गावांवरून पलीकडील काठाबद्दल विश्वासार्ह निष्कर्ष काढता येणार नाही.
>
> उर्वरित वेळापत्रक: क्षेत्रकाम 14 दिवस, डेटा तपासणी 5, विश्लेषण 4, लेखन 4, सहसंशोधकांचे वाचन 3, संस्थेची मंजुरी 3, राखीव 3, एकूण 36 कामाचे दिवस (आठवड्याला सहा).
>
> प्रकल्पाची अंतिम तारीख व मंजूर रक्कम यांत कोणताही बदल मागितलेला नाही. खर्चाचे विवरण 30 सप्टेंबर रोजीच सादर केले जाईल. मुदतवाढ देणे शक्य नसल्यास 17 गावांवर आधारित अहवाल 30 सप्टेंबरला आणि उर्वरित गावांची पुरवणी 31 ऑक्टोबरला सादर करण्याची आमची तयारी आहे.
>
> आपला निर्णय 19 सप्टेंबरपर्यंत कळल्यास त्यानुसार काम करता येईल.
>
> प्रमुख संशोधक / अधिकृत स्वाक्षरीकर्ता

"ती पुलाजवळची आहेत" हे वाक्य नकाशा पाहून खरं ठरलं तरच ठेवा. नसेल तर ते काढा आणि फक्त 12 विरुद्ध 5 एवढंच सांगा; तेही पुरेसं आहे.

शेवटून दुसऱ्या परिच्छेदातला पर्याय बिचकत देऊ नका. त्यामुळे मागणी कमकुवत होते असं अनेकांना वाटतं, पण अधिकाऱ्याच्या बाजूने बघा. त्याला वर्षाअखेरीच्या ताळेबंदासाठी किंवा त्याच्या वरच्या मंडळाला दाखवण्यासाठी 30 सप्टेंबरला काहीतरी कागद हवाच असेल, तर तुमच्या पत्राला "नाही" म्हणण्यावाचून त्याच्यापुढे वाट राहत नाही. पर्याय दिला की त्याच पत्रावर तो "दुसरा पर्याय मान्य" असं लिहू शकतो आणि तुमची तुलनाही वाचते. निर्णयाची तारीखही त्यासाठीच: 19 तारखेला नकार आला तरी 17 गावांचा अहवाल लिहायला हातात 11 दिवस राहतात.

पैशाचा विषय या पत्रात आणू नका. महिनाभर काम थांबलं त्या काळात सर्वेक्षकांचं मानधन, गाडीचं भाडं असा काही खर्च वाढला असेल, तर त्यासाठी वेगळी विनंती करा. दोन्ही एकत्र आले की पत्र लेखा विभागाच्या अभिप्रायासाठी थांबतं. तुमचा पुढचा हप्ता या अहवालावर अवलंबून असेल, तर तो महिनाभर उशिरा येणार हेही गृहीत धरा आणि सप्टेंबरच्या क्षेत्रकामाला हातात पैसे आहेत का ते आधी तपासा. मुदतवाढ हातात पडली आणि जोड्यांना पाठवायला पैसे नाहीत, असं झालं तर सगळं वेळापत्रक कोसळतं.

सोबत काय जोडायचं

दोन-तीन कागद पुरेत. पूल बंद असल्याची आणि उघडण्याची प्रशासनाची सूचना. गावनिहाय एक तक्ता: गाव क्रमांक, काठ, मुलाखतींचं लक्ष्य, पूर्ण, पहिली आणि शेवटची तारीख. टॅबवर मुलाखती घेत असाल तर हा तक्ता सर्व्हरवरच्या नोंदींतून काढा. प्रत्येक मुलाखतीला सुरुवातीची आणि शेवटची वेळ बहुधा आपोआप पडलेली असते, हाताने लिहिलेल्या वहीपेक्षा ती जास्त ग्राह्य धरतात. एक बारीक गोष्ट तपासून घ्या: मुलाखत पूर्ण झाल्याची तारीख आणि ती सर्व्हरवर पोहोचल्याची तारीख वेगळ्या असतात. नेटवर्क नसलेल्या गावातली 5 ऑगस्टची मुलाखत 11 ऑगस्टला पोहोचलेली असू शकते. तुम्ही पोहोचल्याची तारीख वापरलीत, तर पूल बंद झाल्यानंतरही काम चालू होतं असं तक्त्यात दिसेल, आणि नेमका तोच प्रश्न येईल. मुलाखत पूर्ण झाल्याची तारीख वापरा.

तक्त्यात कुटुंबांची नावं, फोन क्रमांक किंवा घरांचं अचूक स्थान जाता कामा नये. घाईत मूळ फाइलच जोडली जाते, आणि मग संशोधनाच्या नैतिक मंजुरीचा भंग झाल्याचं वेगळंच प्रकरण उभं राहतं. गाव क्रमांकाने दाखवा, बाकीचे स्तंभ पुसून नवी फाइल तयार करा. नुसते स्तंभ लपवू नका. समोरचा ते एका क्लिकमध्ये उघडू शकतो. पुराची छायाचित्रं मागितली नसतील तर पाठवू नका, आणि माणसांचे चेहरे असलेली तर नाहीच.

एक प्रश्न हमखास येईल

जाणता अधिकारी विचारेल: 17 गावांच्या मुलाखती पुराआधीच्या, 7 गावांच्या पुरानंतरच्या, मग दोन्हींची तुलना कशी करणार? उत्तर तयार ठेवा, कारण तुमच्या मुदतवाढीचा सगळा आधारच तुलना हा आहे.

तुमची प्रश्नावली उघडून प्रत्येक प्रश्नापुढे तो कोणत्या काळाबद्दल विचारतो ते लिहा. जमीन किती, घरात माणसं किती, शिक्षण किती, हे पुराने फारसं बदलत नाही. पण "गेल्या 30 दिवसांत" कामाचे दिवस किती, उत्पन्न किती, आजारपण किती, हे प्रश्न 20 सप्टेंबरला विचारले की उत्तर पुराच्या नंतरच्या दिवसांचं येतं, आणि जुलैत विचारलेल्या उत्तराशी ते जुळत नाही. यावर तीन गोष्टी करता येतात. अशा प्रश्नांची तुलना अहवालात वेगळी ठेवून तसं नमूद करायचं. सात गावांत त्याच प्रश्नाला जोडून पुराआधीच्या ठरावीक महिन्याबद्दलही विचारायचं, मात्र त्याने मुलाखत लांबते आणि आठवण धूसर होते. शिवाय प्रश्न वाढवायला नैतिक समितीची मान्यता लागू शकते. किंवा झालेल्या पलीकडच्या पाच गावांतल्या थोड्या कुटुंबांना फक्त हे प्रश्न पुन्हा विचारून पुराचा परिणाम मोजायचा. माझ्या मते तुम्हाला पहिली वाट पुरेशी आहे. तिसरी उत्तम, पण गावाला एक दिवस धरला तरी पाच दिवस वाढतात, आणि वरच्या 36 दिवसांत ते धरलेले नाहीत. ती घ्यायची असेल तर पत्र पाठवण्याआधी ठरवा आणि तारीख पुन्हा मोजा.

सात गावांत शिरण्याआधी आणखी एक पाहा: नैतिक समितीची मंजुरी, स्थानिक परवानगी, सर्वेक्षकांचे करार आणि विमा यांपैकी काही 31 ऑगस्टलाच संपलेलं नाही ना. कालावधीच्या शेवटाला बांधून या तारखा ठरवायची सवय असते. मंजुरी संपलेली असताना गोळा केलेल्या 140 मुलाखती वापरता येत नाहीत, आणि मुदतवाढीचं पत्र ती चूक भरून काढत नाही.

उत्तर आल्यावर, किंवा न आल्यावर

फोनवर "ठीक आहे, पाठवा सावकाश" असं ऐकलं तर त्याच दिवशी ईमेल करा: "आजच्या बोलण्यानुसार अहवालाची तारीख 31 ऑक्टोबर आणि सप्टेंबरचं क्षेत्रकाम याच अहवालात, असं आम्ही समजतो; कृपया लेखी दुजोरा द्यावा." लेखी उत्तर येईपर्यंत मुदत 30 सप्टेंबरच समजा. उत्तर आलं की ते शब्दशः वाचा. "31 ऑक्टोबरपर्यंत अहवाल सादर करावा" एवढंच असेल, तर दुसऱ्या मागणीला उत्तर मिळालेलं नाही. ती मिळाली असं धरू नका, त्याच दिवशी विचारा. मग पोर्टलवर जाऊन तारीख खरोखर बदलली का ते बघा आणि त्या पानाचं चित्र जपून ठेवा.

19 तारखेपर्यंत काहीच आलं नाही, तर 22 ला एकदा आठवण द्या, कार्यालयाचा सामान्य पत्ताही त्यात घ्या. तोवर 17 गावांचा अहवाल लिहायला सुरुवात करा. एक जण क्षेत्रात असेल तर दुसऱ्याने लिहावा. 29 सप्टेंबरपर्यंत शांतताच असेल, तर तो अहवाल 30 ला सादर करा आणि पहिल्या पानावर लिहा की 7 गावांची पुरवणी 31 ऑक्टोबरला येईल, 9 सप्टेंबरच्या विनंतीचा क्रमांक अमुक. नंतर मंजुरी आली तर अहवाल मागे घेऊन सुधारित देता येतो का, ते विचारा. थकीत शिक्का पुसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आहे.

आणि पूल 15 ला उघडलाच नाही तर? वाट बघत बसू नका. पाच-सहा दिवसांची सूट 19 तारखेला संपते. त्या दिवशीही पूल बंद असेल, तर 20 ला कार्यालयाला कळवा की 31 ऑक्टोबर आता साधणार नाही आणि आम्ही पत्रातल्या पर्यायाकडे एका बदलासह वळतो: 17 गावांचा अहवाल 30 सप्टेंबरला, पण बाकीची गावं 31 ऑक्टोबरच्या पुरवणीऐवजी पुढच्या कालावधीच्या अहवालात. दुसरी मुदतवाढ मागू नका. अहवालातला "नियोजनातील बदल" हा भाग मात्र तेव्हा नीट लिहावा लागेल: किती गावं, कोणत्या काठावरची, का राहिली, कोणता निष्कर्ष या अहवालात काढलेला नाही आणि तो कोणत्या तारखेच्या अहवालात येईल.